एका मोदकाची चार पानं

"भावोजी, माझ्या मोदकांचं काय झालंय ते जरा बघा," असा वहिनींचा फोन आला तेव्हा २०२३ची दिवाळी उलटून गेली होती. वहिनी चिपळूणला असतात आणि २०१७पासून कोकणी पाककृतींची स्वतःची वेबसाइट चालवतात. घावन, सांदण, खापरोळ्या, सगळं घरी करून, फोटो काढून लिहितात. खापरोळ्या शोधल्या की गुगलवर त्यांचं पान पहिल्या दोन-तीनांत दिसायचं. पण ज्या पदार्थावर त्यांनी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती ते उकडीचे मोदक कधी अकराव्या नंबरवर, तर कधी चौदाव्या. म्हणजे निकालांच्या दुसऱ्या पानावर, आणि तिथवर भूक लागलेला माणूस जात नाही.

"दर गणपतीला मी मोदकांवर नवीन काहीतरी लिहिते," वहिनी म्हणाल्या, "तरी माझं पान खालीच."

वेबसाइटींची देखभाल हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यामुळे त्यांच्या वाक्यातल्या 'तरी'च्या जागी मला 'म्हणून' ऐकू आलं. दर वर्षी नवीन लिहिलं, म्हणूनच पान खाली होतं.

आमच्या धंद्यात या दुखण्याला 'कीवर्ड कॅनिबलायझेशन' म्हणतात. कीवर्ड म्हणजे लोक गुगलमध्ये जे शब्द टाकून शोधतात ते, आणि कॅनिबल म्हणजे आपल्याच जातीच्या प्राण्याला खाणारा. शब्द बाजारपेठेतून आलाय. एखाद्या कंपनीनं नवा साबण काढला आणि तो त्याच कंपनीच्या जुन्या साबणाचं गिऱ्हाईक खाऊ लागला, तर तिथेही हाच शब्द वापरतात. इथे साबणाच्या जागी वेबसाइटची पानं असतात. एकाच शोधासाठी आपलीच तीन-चार पानं उभी राहतात, एकमेकांचा वाटा खातात आणि शेवटी एकही पोटभर जेवत नाही. मराठीत याला आधीपासूनच चांगली म्हण आहे : बारभाईची शेती, काय लागेल हाती.

हे का होतं, ते कळायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. गुगल निकालात वेबसाइट दाखवत नाही, पान दाखवतं. वहिनींची साइट चांगली आहे हे त्याला ढोबळपणे कळत असेलही, पण 'उकडीचे मोदक' असं कुणी टाकलं की त्या साइटवरचं नेमकं कुठलं पान पुढे करायचं, हे त्याला ठरवावं लागतं. ठरवताना ते पुष्कळ गोष्टी बघतं. त्यातली सगळ्यात जुनी म्हणजे लिंका. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८मध्ये मांडलेल्या पेजरँकचा पायाच हा होता, की एका पानानं दुसऱ्याची लिंक दिली म्हणजे त्यानं त्याच्या बाजूनं एक मत दिलं. आज गुगल याखेरीज असंख्य गोष्टी बघतं, पण लिंका अजूनही मोजल्या जातात. आता एका मोदकाची चार पानं असतील तर बाहेरच्या लोकांनी दिलेल्या लिंका चार ठिकाणी वाटल्या जातात. साइटवरच्या आपल्याच आतल्या लिंकाही वाटल्या जातात, कारण पुरणाच्या करंजीच्या पानावरून मोदकांची लिंक देताना वहिनी कधी एक पान निवडत, कधी दुसरं. शिवाय चारही पानांत तोच मजकूर थोड्याफार फरकानं असतो, त्यामुळे यातलं मुख्य कुठलं याचा स्पष्ट इशारा कुठूनच मिळत नाही. मग गुगल आज एक पान पुढे करतं, पुढच्या आठवड्यात दुसरं.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो : चार पानं असली तर पहिल्या दहात चार जागा मिळतील की! मिळत नाहीत. जून २०१९मध्ये गुगलनं जाहीरच केलं, की वरच्या निकालांत एका साइटची साधारणपणे दोनपेक्षा जास्त पानं दिसणार नाहीत. फार नेमका शोध असेल तर अपवाद होतो, पण मोदकांसारख्या गर्दीच्या शोधात त्याची आशा धरू नये.

आता रोग आहे की नाही हे कसं ओळखायचं? यासाठी गुगलचंच 'सर्च कन्सोल' हे फुकट साधन आहे. साइट आपली आहे हे एकदा सिद्ध केलं की गुगलवर ती कुठल्या शब्दांना किती वेळा दिसली, किती जणांनी तिच्यावर टिचकी मारली आणि सरासरी नंबर कितवा होता, हे मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं कळतं. बहुतेक लोक तिथे `Queries` ही यादी उघडतात, 'उकडीचे मोदक' समोर १२ हा आकडा बघतात, उसासा टाकतात आणि बंद करतात. खरं काम त्याच्या पुढे आहे. त्या शब्दांवर टिचकी मारायची, म्हणजे अहवाल तेवढ्याच शोधापुरता गाळला जातो, आणि मग शेजारच्या `Pages` वर जायचं. आता दिसतं, की या एका शोधासाठी आपली कुठली कुठली पानं गुगलनं लोकांना दाखवली.

मराठी साइटला इथे एक जास्तीची पायरी लागते. आपले लोक 'उकडीचे मोदक' देवनागरीत टाकतात, तसेच `ukdiche modak`, `ukadiche modak` असंही टाकतात. माणूस तोच, भूक तीच, पण यादीत हे सगळे वेगवेगळे शोध म्हणून येतात. एकेक बघत बसलं तर चित्र तुटक दिसतं. म्हणून शोधाच्या गाळणीत `Custom (regex)` निवडायचं आणि सगळी रूपं उभ्या रेघेनं जोडून एकदम टाकायची :

```
उकडीचे|ukdiche|ukadiche
```

वहिनींच्या साइटवर हे केलं तेव्हा चार पानं निघाली. आकडे गोल करून सांगतो. पहिलं २०१७चं, नुसतं 'उकडीचे मोदक' नावाचं, १६ महिन्यांत नऊ हजार वेळा दिसलेलं. दुसरं २०१९चं, सहा हजार वेळा. तिसरं २०२१चं, पाच हजार. चौथ्याचं नाव 'मोदक रेसिपी २०२२', आणि ते अडीच हजार वेळा. चौघांचे सरासरी नंबर ११ ते १४च्या मधे. टिचक्या सगळ्या मिळून चारशेच्याही आत.

नुसती चार पानं यादीत येणं हा अजून पुरावा नव्हे. एखादं पान चुकूनमाकून पाच-पंचवीस वेळा दिसतं, त्याकडे लक्ष देऊ नये. पुरावा तारखांच्या आलेखात असतो. `Pages` मधली दोन पानं निवडून त्यांची तुलना लावली तेव्हा दिसलं, की २०१९चं पान वर चढलं की २०१७चं खाली जातं, आणि काही आठवड्यांनी उलट होतं. सी-सॉवर बसलेल्या दोन पोरांसारखं. हा झोका दिसला की निदान जवळजवळ पक्कं समजावं. (त्याच आलेखात दर महिन्याला एक लहानसं शिखरही होतं. वहिनींनी पंचांग न बघता सांगितलं : संकष्टी. आणि त्यातलं एक इतरांपेक्षा उंच होतं, ती अंगारकी.)

तिसऱ्या पानाच्या पत्त्यानं मला थोडं हसू आलं. वहिनींची साइट वर्डप्रेसवर आहे. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनवतं आणि तोच पत्ता आधी वापरलेला असेल तर शेवटी `-2` जोडतं. इंग्रजी साइटवर असा `-2` दिसला, तर लिहिणाऱ्यानं तेच शीर्षक दुसऱ्यांदा दिलंय असा अर्थ होतो. वहिनींची शीर्षकं मात्र वेगळी होती. २०१९चं होतं 'उकडीचे मोदक कसे करावेत? गणपतीसाठी खास कृती' आणि २०२१चं 'उकडीचे मोदक कसे करावेत? गणेशोत्सवात चुकू नये म्हणून'. तरी दुसऱ्याला `-2` लागला होता. त्याचं कारण असं, की पत्ता साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह `%E0%A4%89` अशा नऊ अक्षरी सांकेतिक रूपात जातं, आणि वर्डप्रेस पत्त्याला २०० अक्षरांपर्यंतच जागा देतं. म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या धरून जेमतेम २२ चिन्हं. वहिनींचे दोन्ही पत्ते 'गण' पाशी कापले गेले आणि तंतोतंत एक झाले. मराठी शीर्षकावरून आपोआप बनलेला पत्ता तसाच ठेवू नये, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. स्वतः दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता लिहावा, मग तो देवनागरी असो की रोमन. पण इतकंही खरं, की या `-2`मुळे क्रमांक घसरला नव्हता. एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली, याची ती फक्त खूण होती.

इथवर आल्यावर माणसाचे हात शिवशिवतात, की चला, मोदकांचं जे जे आहे ते सगळं एक करून टाकू. मीही तेच केलं आणि तोंडघशी पडलो. साइटवर मोदकांची आणखी दोन पानं होती. एक तळणीच्या मोदकांचं आणि दुसरं 'मोदक वाफवताना फुटतात का?' या नावाचं. तळणीचे मोदक मी सोडले, तेवढी अक्कल शाबूत होती. पण फुटणाऱ्या मोदकांचं पान आकारानं लहान, टिचक्याही कमी, आणि शेवटी विषय उकडीचाच. ते मी मोठ्या पानात विरघळवून टाकलं. महिन्याभरात 'मोदक का फुटतात', 'उकड चिकट झाली तर काय करावं' अशा शोधांतून येणारी माणसं जवळपास थांबली. ती थोडी होती, पण नियमित होती.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. कृती शोधणारा माणूस अजून तांदळाची पिठी आणायला निघालेला असतो. मोदक का फुटतात असं विचारणाऱ्याच्या समोर गॅस चालू असतो आणि पहिला घाणा वाया गेलेला असतो. त्याला कृती, प्रमाण, नारळ किती खवायचा, यातलं काही नको असतं. त्याला दोन मिनिटांत उत्तर पाहिजे : पाणी कमी पडलं, की उकड नीट मळली नाही, की पारी फार पातळ झाली. आमच्या भाषेत दोघांचा 'इंटेंट' वेगळा, म्हणजे शोधण्यामागचा हेतू वेगळा. शब्द सारखे असले म्हणून पानं एक करायची नसतात, हेतू एक असेल तर करायची.

हेतू एक आहे की नाही, हे घरी बसून तपासता येतं, आणि तेव्हा मी ते केलं नव्हतं. दोन्ही शोध गुगलमध्ये एकामागोमाग टाकायचे आणि वरचे दहा निकाल शेजारी शेजारी ठेवायचे. दोन्हीकडे बहुतेक तीच पानं आली, तर गुगलच्या लेखी तो एकच प्रश्न आहे, आपणही एकच पान ठेवावं. निकाल बरेचसे वेगळे आले तर प्रश्न दोन, पानंही दोन. 'उकडीचे मोदक कसे करावेत' आणि 'उकडीचे मोदक रेसिपी' यांचे निकाल मी पाहिले तेव्हा जवळजवळ जुळत होते. 'मोदक का फुटतात' याचे निकाल अगदी निराळे होते. हा प्रयोग आपल्या नेहमीच्या खात्यातून न करता ब्राउझरच्या खाजगी खिडकीत करावा, कारण आपण स्वतःचंच पान रोज उघडत असलो तर निकालांवर त्याची थोडी छाया पडू शकते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. आपली दोन पानं एकाच शोधाला तिसऱ्या आणि चौथ्या नंबरवर शेजारी शेजारी बसली असतील, तर त्यांना हात लावू नये. तो रोग नाही, तो सुकाळ आहे. आमच्यातले काही जण अहवालात दोन पानं दिसली रे दिसली की कात्री काढतात. त्यांच्या हातून बऱ्या झाल्याच नसत्या अशा नव्हे, तर मुळात आजारीच नसलेल्या साइट आजारी पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता उपचार. चार पानांतलं ठेवायचं कुठलं? वहिनींचं मत २०२१च्या पानाला होतं, कारण त्यातले फोटो सगळ्यात चांगले. मी २०१७चं निवडलं. ते लहान होतं, फोटो अंधारातले होते, पण बाहेरच्या साइटींनी दिलेल्या बहुतेक लिंका त्याच्याकडे होत्या, ते सर्वांत जास्त वेळा दिसत होतं, आणि त्याचा पत्ता `/ukadiche-modak/` असा छोटा, सालाशिवायचा होता. सरासरी नंबर बघून निवड करण्यात एक फसगत असते. जे पान अगदी मोजक्या वेळी दिसतं त्याचा सरासरी नंबर कधी कधी छान असतो, कारण ते दिसलं तेवढ्याच वेळांची ती सरासरी असते. 'मोदक रेसिपी २०२२' या पानाचा नंबर चौघांत सगळ्यात चांगला, ११ होता, आणि ते सगळ्यात कमी वेळा दिसलं होतं. नंबरावर गेलो असतो तर शीर्षकात शिळं साल घेऊन बसलेलं पान राखलं असतं.

पत्ता आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वहिनींना पटवायला थोडा वेळ लागला. पत्ता जुना ठेवायचा, मजकूर सगळ्यात चांगला भरायचा. २०२१चे फोटो, २०१९मधलं कपाच्या मापाचं प्रमाण, २०२२मधली केळीच्या पानावर वाफवायची युक्ती, सगळं २०१७च्या पानावर आलं. आणि नुसतं एकाखाली एक चिकटवलं नाही. चार पानांत मिळून आंबेमोहोर तांदळाच्या पिठीवरचे तीन परिच्छेद होते, त्यांचा एक झाला. वहिनींनी दोन दिवस बसून तो लेख नव्यानं लिहिला. या कामाला पर्याय नाही. नुसत्या तांत्रिक जोडणीनं चार कच्चे लेख एका पक्क्या लेखाची जागा घेत नाहीत.

मग उरलेली तीन पानं. पुसून टाकली तर त्यांचे पत्ते मेले. कुणीतरी २०२१च्या गणपतीत जावेला व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक उघडली की 'पान सापडत नाही' असं दिसणार, आणि त्या पानांकडे आलेल्या बाहेरच्या लिंकाही वाया जाणार. म्हणून त्यांना `301` रीडायरेक्ट लावायचा. त्याचा अर्थ, हे बिऱ्हाड कायमचं हललंय, नवा पत्ता हा. पोस्टातून पुढे पाठवलेल्या पत्रासारखा वाचक आपोआप नव्या पत्त्यावर पोचतो आणि गुगलही हळूहळू जुन्या पानाचं वजन नव्याच्या नावावर करतं. वर्डप्रेसमध्ये 'रीडायरेक्शन' नावाचं फुकट प्लगइन आहे, त्यात जुना पत्ता एका रकान्यात आणि नवा दुसऱ्या रकान्यात टाकला की झालं. हे रीडायरेक्ट निदान एक वर्ष तरी काढू नयेत असं गुगल सांगतं. मी म्हणतो, कधीच काढू नयेत, त्यांना काही खायला लागत नाही.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात. एक म्हणजे आळसानं सगळी जुनी पानं साइटच्या पहिल्या पानाकडे वळवतात. मोदक शोधणारा तिथे पोचून गोंधळतो आणि गुगलही अशा वळणाला 'पान सापडलं नाही' असंच धरतं. दुसरं म्हणजे वळणावर वळण. २०१९चं पान आधी २०२१कडे वळवलेलं होतं, आता २०२१चं २०१७कडे वळवलं. असं न करता प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या मुक्कामी न्यावा.

जिथे दोन्ही पानं वाचकासाठी ठेवणं भागच असतं तिथे कॅनॉनिकल नावाची खूण कामी येते. गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती मिळून फेब्रुवारी २००९मध्ये आणली. वहिनींकडे एका मोदकाच्या कृतीची छापण्यासाठीची वेगळी आवृत्ती होती, फोटो नसलेली. ती हवीच होती, म्हणून तिच्या पानाच्या माथ्याशी ही एक ओळ घातली :

```
<link rel="canonical" href="https://example.com/ukadiche-modak/">
```

म्हणजे, हे पान त्या पानाची नक्कल आहे, मोजायचं ते मूळ मोजा. पण ही विनंती आहे, हुकूम नाही. पानं खरोखर एकसारखी असतील तर गुगल ती बहुधा मानतं. चार वेगवेगळ्या लेखांवर ती चिकटवून लिहिण्याचं काम टाळायला गेलं, तर ती सरळ दुर्लक्षित होऊ शकते. `noindex` ही तिसरी खूण पानाला गुगलच्या यादीतूनच बाहेर काढते, पण त्याचं वजन कुणालाच देत नाही. 'मोदक' या टॅगचं आपोआप बनलेलं पान, ज्यात नुसती लेखांची यादी असते, त्यावर मी ती लावली. लेखांवर लावली नाही.

सगळ्यात कंटाळवाणं काम शेवटी उरतं, आणि तेच लोक सोडून देतात. साइटवर ठिकठिकाणी दिलेल्या मोदकांच्या आतल्या लिंका. आम्हाला एकतीस सापडल्या. सतरा लिंका आता रीडायरेक्ट होणाऱ्या पानांकडे जात होत्या. त्या सगळ्या हातानं बदलून थेट मुख्य पानाकडे नेल्या आणि 'इथे बघा' असं लिहिलेल्या जागी 'उकडीचे मोदक' असे शब्द घातले, कारण लिंकेवरच्या शब्दांवरूनही पलीकडचं पान कशाबद्दल आहे ते गुगलला कळतं. फुटणाऱ्या मोदकांच्या पानावरून मुख्य कृतीकडे आणि कृतीवरून त्या पानाकडे अशी देवाणघेवाणही लावली. अर्थात ते पान आधी परत जिवंत करावं लागलं. तिथेही एक धडा मिळाला : `301` हा कायमचा निरोप असल्यामुळे ब्राउझर तो लक्षात ठेवतात. रीडायरेक्ट काढल्यावरही वहिनींच्या फोनवर कित्येक दिवस ते पान मोठ्या पानाकडेच पळत होतं, ब्राउझरची साठवण पुसेपर्यंत. म्हणून खात्री नसेल तेव्हा थोडे दिवस तात्पुरता `302` लावून बघावा.

हे सगळं आम्ही मार्च २०२४मध्ये संपवलं. पहिले तीन आठवडे आलेख खाली गेला आणि वहिनींचे फोन वाढले. हे होतंच. गुगलला जुन्या पत्त्यांवर पुन्हा यावं लागतं, वळण बघावं लागतं, मग हिशेब जुळवावा लागतो. लहान साइटला यात काही आठवडे सहज जातात. मे महिन्यात झोका थांबला, `Pages` खाली एकच पान उरलं आणि त्याचा नंबर सातच्या आसपास टिकला.

ऑगस्टच्या शेवटी वहिनींचा आनंदाचा फोन आला. मागच्या वर्षीच्या त्याच तारखांपेक्षा मोदकांवर तिप्पट माणसं! मला त्यांचा हिरमोड करावा लागला. २०२३मध्ये अधिक श्रावण होता, गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली होती. २०२४मध्ये ती ७ सप्टेंबरला होती. ऑगस्टचा शेवटचा आठवडा एका वर्षी चतुर्थीपासून तीन आठवडे लांब आणि दुसऱ्या वर्षी उंबरठ्यावर. सर्च कन्सोलला पंचांग कळत नाही. इंग्रजी तारखांवरून केलेली तुलना सणाच्या बाबतीत हमखास खोटी पडते. म्हणून आम्ही चतुर्थीच्या आधीचे सात दिवस दोन्ही वर्षांत तारखा हातानं टाकून तपासले. वाढ साधारण दीडपट निघाली. त्यातली किती पानं एकत्र केल्यामुळे आणि किती नव्यानं लिहिलेल्या लेखामुळे, हे मला वेगळं काढून सांगता येत नाही, आणि कुणी सांगू शकतो म्हणाला तर मी त्याचं बिल देणार नाही.

पुढच्या वर्षी वहिनींनी नवीन मोदकांचा लेख लिहिला नाही. जुन्याच पानावर दोन फोटो बदलले, गुळाच्या प्रमाणात दुरुस्ती केली. नवीन काही लिहायला घेतलं की आधी त्या गुगलमध्ये `site:` लिहून, पुढे जागा न सोडता आपल्या साइटचं नाव आणि मग विषयाचे शब्द टाकतात. त्यावर लिहिलेलं निघालं तर तेच पान उघडून सुधारतात. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्याकडे सणावारी वाचली जाणारी अशी पानं असतील आणि ती एकत्र करायची असतील, तर ऐन सणाच्या तोंडावर हात घालू नका. २०२६ची गणेश चतुर्थी अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला आहे. मोदकांची पानं मे संपायच्या आत एक करा.